समोरची व्यक्ती कधीच काही विचारत नाही: असे एकतर्फी संभाषण ओळखावे कसे आणि मग काय करावे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेली माझी एक मैत्रीण आता ठाण्यात असते आणि मी नाशिकमध्ये. रविवारी संध्याकाळी आमचा फोन होतो आणि तो तासभर तरी चालतो. फोन ठेवल्यावर तिच्या मुलाच्या शिकवणीची वेळ, सोसायटीतल्या लिफ्टचे भांडण, जावेच्या नोकरीची अडचण असे सगळे मला ठाऊक झालेले असते. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे मी तिला सांगितले होते, परंतु आई आता कशी आहे, असे तिने त्यानंतर एकदाही विचारलेले नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे संभाषण खरोखर एकतर्फी आहे, की मीच उगाच हिशेब मांडून बसले आहे, हे ओळखायचे कसे? आणि ते एकतर्फीच असेल, तर पुढे काय करायचे? मैत्री तोडण्याचा विचार माझ्या मनात नाही. माझे वडील गेले तेव्हा हीच मैत्रीण रात्रीच्या गाडीने येऊन चार दिवस आमच्या घरी राहिली होती आणि कोणी न सांगता स्वयंपाकघर सांभाळत होती. म्हणूनच मला हे कोडे सुटत नाही.

पिंपळपार
ओळखणे सोपे आहे. फोन साठ मिनिटांचा असेल तर कोण किती मिनिटे बोलले ते पाहावे. एकच माणूस चाळीस मिनिटांहून अधिक बोलत असेल, तर तो आत्मकेंद्री स्वभावाचा आहे, असे समजावे. असे स्वभाव बदलत नाहीत. फोन कमी करा आणि आपला वेळ आपल्याला आवडणाऱ्या कामात घालवा.

रानजाई
अगदी माझ्या मनातला विषय काढलात, ताई. आमच्याकडे हेच चालते. मी दिवसभराचे सगळे सांगते आणि यजमान वर्तमानपत्रामागून फक्त ‘हं’ म्हणतात. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण ‘आज काय झाले’ असा प्रश्न त्यांच्याकडून आलेला मला आठवत नाही. अशा वेळी बोलायचे तरी कोणाशी?

गोदाकाठ
रानजाई, तुमची अडचण मला समजते, पण ती थोडी वेगळी आहे. तुमच्याकडे समोरचा माणूस बोलतच नाही. माझी मैत्रीण भरभरून बोलते, पण तिच्या बोलण्यात माझ्याबद्दल काही नसते.

पिंपळपार, मिनिटांच्या मापाने पाहिले तर आम्ही वसतिगृहात असतानाही तीच जास्त बोलायची. तेव्हा मला ते कधी खटकले नव्हते.

वाक्यवेध
मी भाषाविज्ञान शिकवतो आणि प्रत्यक्ष संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांची बारकाईने नोंद करणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिनिटे मोजून फारसे काही कळत नाही. एखाद्या संकटात सापडलेला माणूस तासभर एकटाच बोलेल आणि तरीही ते संभाषण दोघांचे असेल. उलट दोघे अगदी निम्मे-निम्मे बोलत असतील, पण प्रत्येक जण आपलेच सांगून मोकळा होत असेल, तर ती दोन स्वगते झाली. तुम्ही तुमचे एक वाक्य पुरे केल्यानंतर त्या वाक्याचे समोरच्याकडून काय होते, ते पाहायला हवे. पुढच्या बोलण्यात ते वाक्य उचलले जाते, त्याला नुसता हुंकार मिळतो, की ते दुसऱ्या विषयाकडे जाण्याची पायरी ठरते?

गोदाकाठ, तुमच्या आठवणीत ताजा असलेला एखादा तुकडा येथे जसाच्या तसा लिहाल का? सारांश नको, वाक्ये हवीत.

गोदाकाठ
गेल्या रविवारचा तुकडा आठवतो आहे. शब्द थोडे इकडे-तिकडे झाले असतील, पण क्रम हाच होता.

मी: आईला काल पहिल्यांदा वॉकर सोडून काठीवर चालवलं.
ती: अरे वा! आमच्या सासूबाईंना तर काठी हातात धरायचीच लाज वाटते. लोक काय म्हणतील म्हणून.
मी: मग त्या बाहेर कशा जातात?
ती: भिंत धरून धरून. परवा जिन्यात तोल गेला त्यांचा.
मी: अगं बाई! लागलं का फार?
ती: नाही गं, कठडा होता म्हणून निभावलं. पण ह्यांनी घर डोक्यावर घेतलं, लगेच डॉक्टरांना फोन...

यानंतर सुमारे पंधरा मिनिटे सासूबाई, मग नणंदेची दिवाळीची तयारी, आणि मग फोन संपला.

देवचाफा
हा संवाद वाचून मला तर त्या मैत्रिणीचे फारसे काही चुकल्यासारखे वाटले नाही. तुमच्या आईच्या काठीवरून तिला सासूबाईंची काठी आठवली. आपले सगळ्यांचे असेच होते.

वाक्यवेध
देवचाफा म्हणतात ते खरे आहे, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. चार्ल्स डर्बर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली रोजच्या गप्पांमधल्या प्रतिसादांकडे या दृष्टीने पाहिले होते. काही प्रतिसाद बोलणाऱ्याचा विषय बोलणाऱ्याकडेच ठेवतात आणि काही तो स्वतःकडे वळवतात. ‘अरे वा! मग दुखलं का त्यांना?’ हा पहिल्या प्रकारचा आणि ‘अरे वा! आमच्या सासूबाईंना तर...’ हा दुसऱ्या प्रकारचा. विषय वळवणे हा काही गुन्हा नव्हे. आपलाही तसाच अनुभव सांगून आपण समोरच्याला ‘मला कळते आहे’ असेच सांगत असतो. वळवलेला विषय दोन-चार वाक्यांनी मूळ माणसाकडे परत येतो की नाही, हे महत्त्वाचे आहे. तो कधीच परत येत नसेल, तर संभाषण एकतर्फी आहे, असे म्हणायला आधार मिळतो.

डर्बर यांनी आणखी एक प्रकार दाखवला आहे आणि तो ओळखायला अधिक अवघड आहे. त्यात विषय वळवला जात नाही, त्याला केवळ आधार मिळत नाही. ‘हो का’, ‘असं होय’, ‘बरं’ हे शब्द येतात, पण उशिरा आणि सपाट आवाजात येतात. दोन-तीन वाक्यांनंतर सांगणाऱ्याचा उत्साह आपोआप संपतो आणि आपला विषय कोणी बंद केला, हे त्याला सांगताही येत नाही.

आता तुमच्या तुकड्याची तिसरी ओळ पाहा. ‘मग त्या बाहेर कशा जातात?’ हे वाक्य तुमचे आहे. मैत्रिणीने विषय वळवला, तेव्हा आईच्या काठीची गोष्ट अजून टेबलावरच होती. तुमच्या प्रश्नाने सासूबाईंची गोष्ट हा फोनचा अधिकृत विषय झाला. हार्वे सॅक्स यांनी संभाषणाच्या अभ्यासाचा पाया घालताना नोंदवले आहे की जो प्रश्न विचारतो, त्याला उत्तर मिळाल्यावर पुन्हा बोलण्याचा हक्क राहतो. म्हणजे तुमच्या प्रत्येक प्रश्नानंतर बोलण्याची पाळी पुन्हा तुमच्याकडेच येत होती आणि तुम्ही ती दर वेळी नवा प्रश्न विचारून तिला परत देत होतात. हा तुमचा चांगुलपणा आहे, दोष नव्हे. परंतु त्यामुळे या तुकड्यावरून ती ऐकून घेत नाही, असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण ऐकून घेण्याची वेळच तिच्यावर आलेली नाही.

उंबरठा
वाक्यवेध, विश्लेषण उत्तम आहे, पण त्यात ओझे पुन्हा विचारणाऱ्या माणसावरच येऊन पडते. तीच मुकाट्याने ऐकते, तीच प्रश्न विचारते आणि आता स्वतःच्या आईची गोष्ट कशी टिकवायची, हेही तिनेच शिकायचे. समोरच्या बाईला आपल्या जिवलग मैत्रिणीची आई शस्त्रक्रियेतून उठते आहे, हे स्वतःहून आठवायला नको का?

वाक्यवेध
आठवायला हवे. मी तिला निर्दोष ठरवत नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हणतो आहे.

देवचाफा
मी प्रश्न न विचारणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. मी रत्नागिरीकडचा. आमच्या घरात आजारपण, पैसा आणि मुलांची लग्ने यांबद्दल थेट विचारणे असभ्य मानले जाई. सांगायचे असेल तर माणूस सांगेल, आपण खोदून विचारू नये, अशी शिकवण होती. तुमच्या जागी माझा मित्र असता, तर मी ‘आई कशी आहे’ असे कदाचित विचारले नसते. ‘आता आई घरातल्या घरात फिरत असतील’ असे म्हणालो असतो आणि थांबलो असतो. माझ्या दृष्टीने तो प्रश्नच असतो. पुण्यात नोकरीला आल्यावर एका सहकाऱ्याने मला ‘तू कधी कुणाची चौकशी करत नाहीस’ असे सुनावले, तेव्हा मला मनापासून आश्चर्य वाटले होते.

वाक्यवेध
हा मुद्दा फार मोलाचा आहे. अनिता पोमरँट्झ यांनी १९८० साली नेमक्या याच पद्धतीवर लिहिले आहे. आपल्याला एखाद्या गोष्टीची अर्धीच माहिती आहे, हे समोरच्याला नुसते ऐकवायचे, म्हणजे उरलेली अर्धी तो आपणहून सांगतो. ‘काल तुझा फोन बराच वेळ लागत नव्हता’ या वाक्यात प्रश्न कुठेच नाही, तरी ऐकणारा फोन का लागत नव्हता ते सांगू लागतो. मराठीत आपण हे ‘ना’ लावून सतत करतो: ‘टाके काढायचे होते ना या आठवड्यात.’

त्यामुळे गोदाकाठ, मैत्रिणीने किती प्रश्न विचारले हे पाहताना अशी वाक्येही धरा. आणि एक गोष्ट विशेष आठवून पाहा. मागच्या फोनमध्ये तुम्ही सांगितलेले काही पुढच्या फोनमध्ये तिच्या तोंडी कधी येते का, मग ते प्रश्न म्हणून असो वा विधान म्हणून?

गोदाकाठ
विचार केला. विधाने मात्र येतात, हे खरे. ‘तुमच्याकडे आता थंडी पडली असेल’, ‘तुझ्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या असतील’ असे ती म्हणते आणि मी ‘हो ना’ एवढेच बोलते, कारण मला त्यात प्रश्न दिसलाच नव्हता. मात्र तिची विधाने सगळ्यांना लागू पडतील अशी असतात. खास माझ्या घरातले, मी मागे सांगितलेले असे काही त्यात आल्याचे आठवत नाही.

कृष्णाकाठ
विषयाला धरून एक वेगळा अनुभव सांगते. माझे वडील सांगलीला असतात. गेल्या काही वर्षांत ते फोनवर एकटेच बोलू लागले होते. आम्ही काही सांगायला लागलो की ते मधेच दुसरा विषय काढत आणि प्रश्न विचारणे तर त्यांनी पूर्ण सोडले होते. ‘म्हातारपणी माणूस असाच होतो’ असे म्हणून घरातल्या सगळ्यांनी ते स्वीकारले होते. माझ्या वहिनीच्या मात्र लक्षात आले की शांत खोलीत समोरासमोर बसले की ते व्यवस्थित विचारपूस करतात, पण फोनवर आणि चार माणसांत करत नाहीत. कान तपासले, तेव्हा दोन्ही कानांचे ऐकणे बरेच कमी झालेले निघाले, त्यातही उंच पट्टीचे आवाज अधिक. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट ऐकू येत असल्यामुळे बोलण्याचा आवाज त्यांना येई, पण शब्द लागत नसत. प्रश्न विचारला की उत्तर ऐकावे लागते आणि ते कळले नाही तर पुन्हा विचारावे लागते, त्यापेक्षा आपणच बोलत राहणे त्यांना सोपे जात होते.

श्रवणयंत्र लावल्यावर सगळे सुधारले असे नाही. फोनवर अजूनही अडचण येते. परंतु जो माणूस आधी विचारत होता आणि नंतर विचारेनासा झाला, त्याच्या स्वभावाला नाव ठेवण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

सातपुडा
कृष्णाकाठ यांना दुजोरा. पूर्वी आपुलकीने चौकशी करणारा माणूस साठीच्या आसपास अचानक कोरडा झाला, दुसऱ्याच्या दुःखाचे त्याला काही वाटेनासे झाले, वागण्यातही पोच राहिला नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असा आहे की त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते आणि बदल आधी स्वभावात दिसतो. गोदाकाठ यांच्या मैत्रिणीबाबत मात्र हे लागू नाही, कारण ती पहिल्यापासून अशीच आहे.

तारायंत्र
मी मेलबर्नला असतो आणि दूरसंचाराच्या क्षेत्रात काम करतो. आमच्या परदेशी मंडळींच्या फोनमध्ये एक यांत्रिक कारणही असते. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सुमारे दोनशे मिलिसेकंदांचाच अवकाश असतो. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलमध्ये आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर चालतो, त्यापुढे बोलण्याची लय बिघडू लागते. उशीर दोन्ही दिशांना होतो, त्यामुळे मी वाक्य संपवून थांबलो तरी आईला ती शांतता उशिरा कळते, तिचे उत्तर माझ्याकडे आणखी उशिरा येते आणि तोवर ‘ऐकू येत नाही वाटते’ असे समजून मी पुढे बोलायला लागलेलो असतो. जो थांबून वाट पाहतो, त्याला अशा फोनवर पाळीच मिळत नाही. नाशिक-ठाणे फोनला हे फारसे लागू होणार नाही, पण परदेशातल्या मुलाबद्दल तक्रार असेल, तर तिच्यातला काही भाग तरी यंत्राच्या खात्यावर टाकावा.

पिंपळपार
मी काल थोडे वाचून आलो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की जी माणसे अधिक प्रश्न विचारतात, विशेषतः समोरच्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न विचारतात, ती लोकांना अधिक आवडतात. म्हणजे गोदाकाठ यांनी प्रश्न विचारत राहावे, मैत्रिणीला त्या अधिकाधिक आवडतील आणि मग तीही विचारू लागेल. आधीचा सल्ला मी मागे घेत नाही, पण हा दुसरा मार्ग म्हणून देतो.

वाक्यवेध
पिंपळपार, तो अभ्यास खरा आहे आणि त्याचे पहिले निम्मे तुम्ही बरोबर सांगितले. परंतु त्यातली माणसे एकमेकांना अनोळखी होती. थोडा वेळ चाललेल्या गप्पा आणि जोडीदार शोधण्यासाठीच्या झटपट भेटी, असे त्याचे स्वरूप होते. विचारणारा आवडतो, एवढेच त्यातून दिसते. विचारल्याने समोरचाही विचारू लागतो, हे त्यातून निघत नाही. गोदाकाठ तर वर्षानुवर्षे विचारतच आहेत. तसे होणार असते, तर एव्हाना झाले असते.

या प्रकरणात मला अधिक उपयोगी वाटते ते डेबोरा टॅनन यांचे काम. १९७८ साली अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला सहा माणसांच्या जेवणाच्या गप्पा त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यावर सविस्तर लिहिले. जेवायला न्यूयॉर्कचे लोक होते, कॅलिफोर्नियाचे होते आणि एक इंग्रज बाई होत्या. न्यूयॉर्ककरांच्या रीतीत आपले काही सांगणे हेच समोरच्याला दिलेले आमंत्रण असते. मी माझे सांगितले, आता तू तुझे सांग, विचारण्याची गरज काय? दुसऱ्या रीतीची माणसे आपल्याला विचारले जाईल, म्हणून थांबून राहतात. अशी दोन माणसे एकत्र आली की वाट पाहणाऱ्याला दुसरा स्वार्थी वाटतो आणि सांगणाऱ्याला वाट पाहणारा आतल्या गाठीचा वाटतो. दोघांनाही आपण सौजन्याने वागलो, अशी खात्री असते.

तुमची मैत्रीण या रीतीची आहे, की तिला खरोखरच रस नाही, हे घरबसल्या ठरवता येणार नाही. एक करून पाहता येईल. पुढच्या फोनच्या सुरुवातीलाच, तिचे सुरू होण्याआधी, ‘आज मला तुला आईचं सांगायचं आहे, जरा मोठं आहे’ असे म्हणा. गोष्ट सांगणारा माणूस अशी प्रस्तावना करतो, तेव्हा ऐकणारा तेवढा वेळ आपली पाळी सोडून देतो. मग सांगा. नुसते ‘बरी आहे’ असे नको, तपशिलाने सांगा. तिने सासूबाईंकडे वळवले, तर दोन वाक्ये ऐकून घ्या, पण तेथे प्रश्न विचारू नका. ‘थांब, माझं अजून संपलं नाही’ असे म्हणून परत या. आणि सांगून झाल्यावर गप्प राहा. शांतता भरून काढण्याची घाई करू नका. तिला रस असेल तर त्या शांततेत काहीतरी येईल. तीन-चार रविवार असे झाल्यावरच निष्कर्ष काढा, कारण एखाद्या दिवशी कोणाचेही चित्त ठिकाणावर नसते.

अबोली
माझ्या वहिनीच्या बाबतीत मी याच्याही पुढे जाऊन स्पष्ट बोलले. ‘तू मला कधीच काही विचारत नाहीस’ असे म्हणायचे मी मुद्दाम टाळले, कारण ‘कधीच’ म्हटले की समोरचा माणूस विचारल्याचे दोन प्रसंग काढून दाखवतो आणि बोलणे त्या प्रसंगांवर अडकते. मी म्हणाले, ‘वहिनी, बुधवारी माझी मुलाखत आहे. संध्याकाळी फोन करून कशी झाली ते विचाराल का? मला बरं वाटेल.’ त्यांनी फोन केला. नंतरही, एखादी ठरलेली तारीख त्यांना दिली की त्या आठवणीने विचारतात. तारीख नसेल तर मात्र अजूनही विचारत नाहीत. मला तेवढे पुरते.

उंबरठा
मला नाही पुरणार. मागून घेतलेल्या प्रश्नात आपुलकी कोठे राहिली? आपण सांगितले म्हणून विचारले, यात आणि आपणच आपल्याला विचारण्यात मला फरक दिसत नाही.

अबोली
उंबरठा, फरक असा की फोन त्यांनी केला, वेळ त्यांनी काढला आणि दहा मिनिटे त्या ऐकत होत्या. पहिले वाक्य मी पुरवले होते. त्यापुढचे त्यांचे होते.

सातपुडा
माझ्या बाबतीत शेवट वेगळा झाला. एका चुलतभावाला मी आपणहून सांगून पाहिले, स्पष्ट बोलूनही पाहिले. त्याला माझा राग आला नाही, तो ‘बरोबर आहे तुझं’ म्हणाला आणि पुढच्या फोनमध्ये पुन्हा स्वतःच्या जमिनीच्या खटल्यावर तासभर बोलला. मग मी फोनचे रूप बदलले. आता मी बाजारात निघताना त्याला फोन लावतो, ‘मंडईत पोहोचेपर्यंत बोलू’ असे आधीच सांगतो आणि पोहोचलो की ठेवतो. भावाशी नाते आहे, पण माझ्या मनातले मी दुसऱ्या मित्राला सांगतो. एकाच माणसाकडून सगळे मिळाले पाहिजे, हा आग्रह सोडल्यावर त्याचे बोलणे ऐकतानाही मला त्रास होईनासा झाला.

रानजाई
मी माझ्याकडे वाक्यवेध यांची युक्ती करून पाहिली. ‘मला जरा मोठं काहीतरी सांगायचं आहे’ असे म्हटल्यावर यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि ‘काय झालं? कोणी गेलं का?’ असे घाबरून विचारले. प्रश्न आला, हे मात्र खरे.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. काही रविवार मधे गेले, म्हणून आता लिहिते आहे.

पहिल्या फोनला मी सुरुवातीलाच सांगितले की मला आईचे बोलायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा पुरेसा वाकत नव्हता, व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या की आई आधीपासूनच रडायला लागायची, रात्री बर्फाने शेकायला मी उठायचे, हे सगळे सांगितले. मधे तिने ‘आमच्या सासूबाई तर...’ असे सुरू केले, तेव्हा ‘थांब, माझं अजून राहिलंय’ असे म्हणाले. ती थांबली. सांगून झाल्यावर मीही थांबले आणि ती शांतता मला फार जड गेली. मग ती म्हणाली, ‘अगं, तू एवढं एकटीने केलंस? तू काही बोलत नाहीस, मला वाटायचं तुला घरचं काढायला नको असतं. कॉलेजातही तू तशीच होतीस.’ त्यानंतर तिने विचारले की रात्री आईजवळ कोण झोपते. म्हणजे तिच्या लेखी मीच न सांगणारी होते. वाक्यवेध यांनी ही शक्यता लिहिली नसती, तर तिचे ते वाक्य मला सबब वाटले असते.

दुसऱ्या फोनला मी मुद्दाम प्रस्तावना केली नाही. तिने आईचा विषय काढला नाही आणि पूर्वीसारखाच फोन झाला. तिसऱ्या वेळी मी पुन्हा आपणहून सांगितले आणि तिने पुन्हा छान ऐकले. म्हणजे सांगितले तर ती मनापासून ऐकते, पण विषय लक्षात ठेवून स्वतःहून काढत नाही. ही अर्धी गोष्ट मला पुरेशी आहे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही. ठरले ते एवढेच की मी तिला लागोपाठ प्रश्न विचारणे कमी केले आहे आणि तिची ‘थंडी पडली असेल’ सारखी विधाने आली की तेथून माझे सांगायला सुरुवात करते. फोन संपल्यावर पूर्वीइतके रिकामे वाटत नाही.

वाक्यवेध
तुम्ही सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे. तिने विचारलेला ‘रात्री आईजवळ कोण झोपते’ हा प्रश्न तुमच्या बोलण्यातूनच निघालेला आहे आणि ऐकल्याशिवाय तो सुचत नाही. रस नसलेला माणूस तेथे ‘काळजी घे हं’ म्हणून विषय मिटवतो. दोन फोनमधले आठवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. समोर असलेल्या माणसासाठी जीव टाकणारी, पण तो नजरेआड असताना त्याच्या आयुष्याचा धागा मनात चालू न ठेवणारी माणसे असतात. तुमच्या वडिलांच्या वेळी ती आली आणि राहिली, ते यात बसते. हा अंदाज आहे, निदान नव्हे.

गोदाकाठ
बसते खरे. आईच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे आणि तारीख मी तिला सांगून ठेवली आहे. त्या आठवड्यात मी आपणहून फोन करणार नाही. तिचा येतो का, ते पाहायचे आहे.

अबोली
ताई, हे करू नका. ही परीक्षा झाली आणि परीक्षा चालू आहे हे तिला माहीतही नाही. ‘शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी फोन कर गं, मला लागेल’ असे आजच सांगून ठेवा. त्या दिवशी तुम्हाला उत्तर शोधण्यापेक्षा सोबतीची गरज असणार आहे.

उंबरठा
मी गोदाकाठ यांच्या बाजूने आहे. तारीख दिली आहे, तेवढे पुरे. त्यापुढचे तिने करावे.

गोदाकाठ
अबोली, तुमचे म्हणणे पटते आणि तरीही मन उंबरठा यांच्याकडे झुकते. दिवाळीला अजून वेळ आहे. तोवर रविवारचे फोन चालू ठेवते आणि काय केले ते येथे लिहीन.